वहीवरचे गुण खोडले तेव्हा

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. पूर्वी चाचणीचे पेपर वाटताना मी जास्त गुणांपासून सुरुवात करून नावं पुकारायची. शेवटच्या पाच-सहा पोरांना आपला नंबर आधीच ठाऊक असायचा, ती पेपर घ्यायला यायची तीच मान खाली घालून.

अपूर्णांकांच्या धड्यापासून मी बदल करायचं ठरवलं. आधी गुणांच्या खाली चूक समजावणारी एक ओळ लिहायला लागले. उपयोग शून्य. पोरं गुण बघायची, शेजाऱ्याचे बघायची आणि वही मिटायची. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: गुण आणि शेरा एकत्र दिला की शेऱ्याचा फायदा जवळजवळ जातो. मग पहिल्या वेळी गुणच द्यायचे नाहीत, फक्त शेरा, आणि चार दिवसांनी तशाच गणितांची दुसरी संधी.

गणितंही बदलली. एकसारखी दहा देण्याऐवजी तीनच. त्यातलं एक चुकवून सोडवलेलं: १/२ + १/३ = २/५. वर्गातली निम्मी पोरं हीच चूक करायची. चौकटीच्या वहीत ३० चौकटींची पट्टी आखायला सांगितली. निम्म्या म्हणजे १५ रंगवल्या, मग २/५ म्हणजे १२. नेहमी मागच्या बाकावर बसणारा एकजण ओरडला, "टीचर, निम्म्यात भर घातली अन् कमीच झालं की ओ!" मग १५ आणि १० मिळून २५, म्हणजे ५/६, हे पोरांनीच काढलं. ओरडणाऱ्या त्या पोरासाठी मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. पट्टीवरून ताळा कसा केलास, ते सगळ्यांना फळ्यावर दाखव, एवढंच म्हटलं.

गटही 'हुशार' आणि 'कच्चे' असे राहिले नाहीत. ज्यांची चूक एकसारखी, ते दोन दिवस एकत्र बसायचे. मग गट मोडायचा. पुढच्या धड्यात भलतीच पोरं एकत्र यायची.

मध्येच मी एक घोळ घातला. 'सर्वात जास्त प्रगती' असा तक्ता भिंतीवर लावला. आठवड्यात एका मुलीने पहिल्या चाचणीत मुद्दाम चुका केल्या, म्हणजे दुसऱ्या वेळी उडी मोठी दिसेल! जुनीच शर्यत, नाव नवं. तक्ता काढला. आता प्रत्येकजण आपल्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो: मागच्या वेळी काय चुकलं, आता काय जमतं.

एफए म्हणजे आकारिक मूल्यमापनाचे गुण रजिस्टरला भरावेच लागतात. मी दुसऱ्या संधीचे भरते. एक पालक आले, "अहो टीचर, गुण नाहीत तर पोरगं कितव्या नंबरात आहे ते कळायचं कसं?" मी दोन्ही वेळच्या वह्या शेजारी ठेवल्या. त्यांनी पट्ट्या बघितल्या, चौकटी मोजल्या, आणि तरी जाताना विचारलंच, "पण पहिला कोण आला?"

शेरे लिहायला मात्र ३४ वह्यांना दोन संध्याकाळी जातात. म्हणून सध्या हे महिन्याला एकाच धड्यापुरतं चालतं.