थोरली, धाकटी आणि माझी बंदी

"सर, शॉर्टवर बंदी घातली की फ्रंटियर आत सरकतो हे तुम्हीच फळ्यावर सिद्ध करून दाखवता. मग स्वतःच्या पैशाला बंदी का?"

प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतं, आणि विचारताना चेहऱ्यावर 'पकडलं!' असा भाव असतो. आजवर मी "प्रॅक्टिकल अडचणी असतात" एवढं पुटपुटून सुटत आलो. ते खोटं नाही, पण ते उत्तरही नाही. यावेळी जरा सविस्तर सांगतो.

आधी फळ्यावरचं. ते मी मागे घेत नाही. शॉर्ट म्हणजे जवळ नसलेला शेअर आधी विकायचा आणि नंतर परत घ्यायचा. वजन म्हणजे एकूण पैशातला शेअरचा वाटा, शॉर्ट केला की तो उणे. आणि फ्रंटियर म्हणजे प्रत्येक अपेक्षित परताव्याला कमीत कमी जोखीम किती, हे दाखवणारा वक्र. शून्याखाली वजन न्यायचं नाही अशी अट पाळणारा प्रत्येक पोर्टफोलिओ अट नसलेल्यांच्या गर्दीतही असतोच. छोट्या पिशवीतली सगळी फळं मोठ्या पिशवीत असतील, तर मोठीतलं सगळ्यात हलकं फळ छोटीतल्या सगळ्यात हलक्या फळापेक्षा जड कसं असेल? म्हणून एकाच अपेक्षित परताव्यासाठी बंदीवाल्याची जोखीम बिनबंदीवाल्याइतकी किंवा त्याहून जास्त. कमी कधीच नाही. बिनबंदी उत्तरात आपसूकच सगळी वजनं शून्याच्या वर आली, तर त्या टप्प्यात दोन्ही वक्र एकमेकांवर बसतात. बाकी ठिकाणी बंदीचा वक्र उजवीकडे राहतो. आणि वरच्या टोकाला तो सर्वाधिक अपेक्षित परतावा असलेल्या शेअरपाशी संपतो. बिनबंदी वक्र मात्र वर जातच राहतो.

हे गणित आहे, यावर वाद नाही. वाद त्या वक्राला कोणता कच्चा माल घातला यावर आहे. तिथे माझे हात पोळलेत.

दोन बँका घेतो. नावं सांगणार नाही. थोरली आणि धाकटी म्हणू. थोरली शांत: वार्षिक चढउतार, म्हणजे प्रमाणित विचलन, २० टक्के आणि अपेक्षित परतावा १२. धाकटी उडाणटप्पू: चढउतार ३० टक्के, परतावा १५. माझ्या २४ महिन्यांच्या आकड्यांत दोघींचा सहसंबंध ०.९ निघाला होता. एकाच धंद्यातल्या बँका, व्याजदर हलले की दोघीही हलायच्या, त्यामुळे ०.९ पाहून मला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

आता कमीत कमी जोखमीचा पोर्टफोलिओ काढा. σ म्हणजे चढउतार आणि ρ म्हणजे सहसंबंध धरला, तर दोन शेअरांत धाकटीचं वजन असं येतं:

```
w = (σ_थ² − ρ·σ_थ·σ_ध) / (σ_थ² + σ_ध² − 2·ρ·σ_थ·σ_ध)
  = (0.04 − 0.054) / (0.04 + 0.09 − 0.108)
  = −0.636
```

उणे. सहसंबंध २०/३०, म्हणजे ०.६७ च्या वर गेला की हे वजन शून्याखाली जातंच. कारण साधं आहे: धाकटी थोरलीसारखीच हलते, फक्त जास्त. म्हणून ती थोडी विकून ठेवली की थोरलीचे हेलकावे खोडले जातात. १० लाखांवर थोरली १६ लाख ३६ हजारांची घ्यायची आणि धाकटी ६ लाख ३६ हजारांची शॉर्ट करायची. चढउतार १७.६ टक्के. बंदी असेल तर धाकटी शून्य, सगळे पैसे थोरलीत, चढउतार २० टक्के. अपेक्षित परतावा १२ वरून १०.१ वर उतरतो हे खरं, पण तेव्हा मला शांत झोप हवी होती. शांत झोपेसाठी शॉर्ट! लिहिताना मलाच हसू येतं.

पैसे निम्मे माझे, निम्मे दाजींचे. ताईने "तू शिकलेला आहेस, बघ काय ते" म्हणून सोपवलेले.

पुस्तकात शॉर्ट केलं की विक्रीची रक्कम हातात येते आणि तिचाच दुसरा शेअर घेता येतो. आपल्याकडे कॅश मार्केटमध्ये नसलेला शेअर विकला तर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. शेअर उसने घ्यायची सोय २००८ पासून आहे, पण हवा तो शेअर हव्या त्या दिवशी देणारा कुणी भेटला तर ना. म्हणून मी फ्युचर्सने, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांनी जमवलं. १० लाखांची थोरली डिमॅटमध्ये घेतली, ती तारण ठेवून थोरलीचा एक लॉट लाँग आणि धाकटीचा एक लॉट शॉर्ट. योगायोगाने दोन्ही लॉट सव्वासहा लाखांच्या आसपास बसत होते. मार्जिनमधला, म्हणजे हमीच्या रकमेतला, रोखीचा भाग ब्रोकरच्या व्याजावर. कागदावरचं −०.६३६ बाजारात जवळजवळ जसंच्या तसं उतरलं म्हणून मी खूश होतो. पाच महिने सगळं सुरळीत चाललं. थोरली दोन टक्के पडली की धाकटी तीन टक्के पडायची आणि थोरलीतला निम्म्याहून जास्त तोटा शॉर्टमधून भरून निघायचा. दाजींना मी फोनवर वक्र समजावून सांगितला. त्यांनी "बरं" म्हटलं.

मग एका सोमवारी सकाळी बातमी आली की धाकटीत मोठा गुंतवणूकदार हिस्सा घेतोय. दोन दिवसांत धाकटी २२ टक्के वर. थोरली त्याच दोन दिवसांत २ टक्के खाली. धाकटीच्या शॉर्टवर १ लाख ४० हजार गेले, थोरलीच्या १६ लाखांवर आणखी ३३ हजार. १० लाखांत १ लाख ७३ हजारांचा खड्डा, दोन दिवसांत. नुसती थोरली धरून बसलो असतो तर २० हजारच गेले असते.

पण खरा मार त्यानंतरचा. फ्युचर्सचा रोजचा तोटा रोख भरावा लागतो, तारण ठेवलेले शेअर त्याला चालत नाहीत. माझ्याकडे रोख नव्हती. सगळं थोरलीत होतं. दुपारी ब्रोकरकडून फोन आला, "सर, तीनपर्यंत भरलं नाही तर आम्ही पोझिशन कापू." मी थोरलीचे शेअर पडत्या भावात विकले, धाकटीचा शॉर्ट वरच्या भावात बंद केला आणि संध्याकाळी दाजींना फोन लावला.

ते शांतपणे म्हणाले, "मला एक सांग. तू थोरली घेतली होतीस ना? ती तर फारशी पडली नाही. मग पैसे गेले कुठे?"

मी हेज, सहसंबंध, मार्क-टू-मार्केट असं काहीबाही बोलत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जो शेअर आपण घेतलाच नाही, त्यात पैसे गेले." ताईने नंतर दोन दिवाळ्या हा विषय काढला नाही, आणि तेच जास्त बोचलं.

इथे तुम्ही म्हणाल, एक अपघात सांगून सिद्धांत मोडत नाही. मान्य. मी स्वतःलाही कित्येक महिने हेच सांगत होतो: मॉडेल बरोबर होतं, नशीब वाईट होतं. रोख जवळ ठेवली असती तर निभावलं असतं, असंही. मग एका रात्री मी वही काढली आणि ०.९ चं काय ते पाहिलं. २४ महिन्यांच्या नमुन्यातून निघालेल्या ०.९ चा ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण ०.७८ ते ०.९६ असा येतो. आणि माझी ती वजनं तशीच ठेवून खरा सहसंबंध किती घसरला तर शॉर्टवाला पोर्टफोलिओ नुसत्या थोरलीपेक्षा वाईट ठरतो? ०.८३. अंतरालाच्या आत! खरा आकडा ०.६ असेल तर माझा चढउतार १७.६ नाही, २६ टक्क्यांच्या वर. बंदीवाला मात्र २० वरच, कारण त्याच्या उत्तरात सहसंबंध हा आकडाच नाही.

म्हणजे शक्य पोर्टफोलिओंचा 'गाठता येणारा संच' फळ्यावर जेवढा मोठा दिसतो, त्यातला बाहेरचा पट्टा बऱ्याचदा माझ्या अंदाजातल्या चुकांचा असतो. ऑप्टिमायझरला चूक आणि संधी यांतला फरक कळत नाही. ज्या जोडीचा सहसंबंध चुकून जास्त मोजला गेला, तिथेच तो सगळ्यात मोठा शॉर्ट लावतो.

हे एकट्या माझं रडगाणं नाही. रवी जगन्नाथन आणि टोंगशू मा यांनी २००३ मध्ये दाखवलं की कमीत कमी जोखमीच्या पोर्टफोलिओवर शॉर्टबंदी घालणं म्हणजे अट न घालता, पण सहविचरणाचे, म्हणजे शेअर एकमेकांसोबत किती हलतात त्याचे, आकडे आकसून, तेच उत्तर काढणं. माझ्या दोन बँकांवर करून पाहा. बंदीच्या उत्तरात धाकटीच्या अटीची 'किंमत', म्हणजे गुणक, ०.०१४ येते (०.०५४ वजा ०.०४). सहविचरणातून ती एकदा वजा करा, धाकटीच्या विचरणातून, म्हणजे चढउताराच्या वर्गातून, दोनदा. धाकटीचा चढउतार ३० ऐवजी २४.९ आणि सहसंबंध ०.९ ऐवजी ०.८ धरल्यासारखं होतं. या आकड्यांवर बिनबंदी गणित केलं तरी धाकटीचं वजन शून्यच येतं. म्हणजे बंदी मला सांगत होती, "तुझा ०.९ जरा जास्त वाटतो." मी ऐकलं नाही.

आता उलट बाजू, कारण ती लपवली तर मी पुन्हा पुटपुटल्यासारखंच होईल. खरा सहसंबंध ०.९ च असेल तर मी दरवर्षी २.४ टक्क्यांची जादा जोखीम उचलतोय. बंदी कधी चूक आकसते, कधी खरी माहितीही आकसते, आणि कुठली ते आधी कळत नाही. एखादा शेअर वाईटच आहे याची मला खात्री असली तरी बंदीत मी जास्तीत जास्त काय करू शकतो? तो घ्यायचा नाही, एवढंच. अंदाज सुधारायचे तर नमुना मोठा घ्यावा, आकडे आकसून घ्यावेत, शॉर्टला दहा टक्क्यांची मर्यादा घालावी. सरसकट बंदी हा त्यातला सगळ्यात आळशी उपाय आहे, असं एका विद्यार्थिनीने मला तोंडावर सांगितलं. तिला मी उत्तर दिलं नाही. तिचं बरोबर असावं, असं वाटत राहतं.

अजूनही दर तिमाहीला मी दोन्ही वक्र काढतो. मागच्या वेळी ६० महिन्यांचे आकडे घेऊनही बिनबंदीने एका सिमेंट कंपनीवर शॉर्ट सुचवला. मी लावला नाही. ती कंपनी तीन महिन्यांत बरीच पडली. दाजींना हे सांगितलेलं नाही.