माळ्यावरची सारंगी

आतेभावाने पहिला फोटो पाठवला तो पोत्यावर आडव्या टाकलेल्या एका तपकिरी वस्तूचा. वरून काढलेला, अर्ध्यावर त्याचीच सावली. खाली मजकूर : ‘ताई, माळ्यावर सारंगी सापडली. वाड्याचा सौदा व्हायच्या आत सांग, किती जुनी?’ मी चार वर्षं सतार शिकले आहे. आमच्या घराण्यात एवढ्यावर माणूस वाद्यांतला जाणकार ठरतो.

फोटोवरून एवढंच कळलं की खाली कातड्याचं पोट आहे आणि वर लांब दांडी. सारंगीची मान आखूड आणि जाड असते. लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेलं ते बुटकं, भरीव वाद्य. हे तर चांगलं तीन फुटांचं दिसत होतं. शिवाय दांडीवर काहीतरी आडवं आडवं चमकत होतं. ते सुरांच्या जागा दाखवणारे पडदे असतील तर सारंगीचा विषय तिथेच संपला, कारण सारंगीला पडदे नसतात.

मी चार फोटो मागवले : समोरून, कुशीवरून, पाठीमागून आणि डोक्याचा जवळून. शेजारी काडेपेटी ठेव म्हटलं, आकाराचा अंदाज येईल. ‘आणि पुसू नकोस.’ हे शेवटचं मी दोनदा लिहिलं. आपल्याकडे जुनी वस्तू सापडली की पहिल्यांदा ओला फडका आणतात. कातडं सरसाने चिकटवलेलं असतं. ओल लागली की ते ढिलं पडतं, कडेने सुटतं.

फोटो यायच्या आत फोन आला. ‘ताई, तारा मोजल्या. सहा आहेत. गिटार असेल का?’

इथेच बहुतेकांची फसगत होते. डोळा आधी तारांवर जातो, पण माळ्यावरच्या वाद्याच्या तारांवर विश्वास ठेवू नये. त्या गंजून तुटतात, पोरं ओढतात, कुणीतरी एखादी काढून फोटोच्या चौकटीला लावतो. खुंटी मात्र हरवली तरी तिचं भोक मागे राहतं, आणि भोक कुणी पळवू शकत नाही. ‘तारा सोड, खुंट्या मोज,’ मी म्हटलं. ‘आणि नुसती भोकंही मोज. मोठी वेगळी, बारीक वेगळी.’

मोजणीला अर्धा तास लागला. डोक्यापाशी मोठ्या खुंट्या चार, चारही जागेवर. दांडीच्या एका कुशीला लाकडाची अरुंद पट्टी जोडलेली, तिच्यात बारीक भोकं पंधरा. त्यांपैकी नऊंत खुंट्या, सहा रिकामी. म्हणजे मूळच्या तारा एकोणीस. त्याने मोजलेल्या सहांतल्या दोनच मुख्य होत्या, उरलेल्या चार तरफा. तरफ म्हणजे बोट न लावता, शेजारचा सूर लागला की आपोआप गुणगुणणारी तार.

एकोणीस म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मग सतारच की!’ चूक अगदीच अडाणी नव्हती. सतारीच्या तारांची बेरीजही अठरा-वीसच्या घरात जाते, पण तिथे वरच्या मोठ्या खुंट्या सहा-सात असतात आणि बाकीच्या तरफांच्या. आपल्याकडे चारच. नुसत्या बेरजेवर गेलं की सतार, फोड केली की वेगळं काहीतरी.

मग फोटो आले. समोरच्या फोटोत वाद्य कमरेशी दोन्ही बाजूंनी आत गेलेलं होतं. ही कमर शोभेची नसते. तारांवर घासायचा गज आडवा फिरवायला जागा लागते. पोट गोल ठेवलं तर गजाचा केस कडेला घासतो. सतारीला गजाचं काम नाही, म्हणून तिचा भोपळा खुशाल गरगरीत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीनेही तीच साक्ष दिली. सतारीची घोडी रुंद आणि सपाट, चौरंगासारखी बसलेली. तारेची जव्हारी, म्हणजे तो झणझणता नाद, त्या सपाटीवरच निघते. इथे घोडी पातळ, उभी आणि तिला खाली भोकं. मुख्य तारा घोडीच्या माथ्यावरून जायच्या आणि तरफा त्या भोकांतून. घोडीच्या वरच्या अंगाला कातड्यावर पांढुरकी पूड बसलेली दिसली. आतेभाऊ तिला बुरशी म्हणत होता. बुरशी सगळीकडे ठिपक्या-ठिपक्यांनी पसरते. ही नेमकी गज फिरतो त्या पट्ट्यात होती. गजाला घासतात ती राळ. बरं झालं पुसलं नाही.

तर गजाने वाजवायचं, पडदे असलेलं, कातड्याच्या पोटाचं वाद्य. अंग सारंगीचं, मान सतारीची. आता दोनच नावं उरली : दिलरुबा आणि इसराज. ही दोघं सख्ख्या बहिणी, आणि विकणारेही एकीला दुसरीचं नाव देतात. इसराज बंगालची, शांतिनिकेतनात रवींद्रसंगीताच्या साथीला बसते. तिची दांडी निमुळती, पोट गोलसर. दिलरुबा पंजाबकडची, गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात वाजते; दांडी रुंद आणि पोट सारंगीसारखं चौकोनी, बुडाशी जवळजवळ सरळ कापलेलं. आमच्या फोटोत काडेपेटी दांडीवर आडवी ठेवली होती आणि दांडी तिच्या दोन्ही टोकांच्या बाहेर डोकावत होती. बूडही सपाट. मी ‘दिलरुबा’ असं लिहून पाठवलं. नाव फारसी, अर्थ काळीज चोरणारी. आतेभावाने लगेच विचारलं, ‘कितीला जाईल?’

मी फोटो मिरजेच्या एका कारागिरांना पुढे पाठवले. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांनी दिलरुबाला होकार भरला, पण वय सांगायला साफ नकार दिला. ‘ताई, कातडं बदलतं, घोडी बदलते, पडदे पुन्हा बांधतात. फोटोत लाकडाचं वय दिसत नाही. हातात आणा, मग बघू.’ किमतीचं तर त्यांनी नावच काढलं नाही. एक गोष्ट मात्र बजावली : उत्साहात तारा ताणू नका. घोडी कातड्यावरच उभी असते आणि आपल्या फोटोत तिच्या पायाशी करंगळीएवढी चीर दिसते. ताण आला की घोडी सरळ पोटात.

निरोप पोचायच्या आत आतेभावाने एक खुंटी पिळून पाहिली होती. तार तुटली. घोडी वाचली, कारण तार आधीच गंजलेली. त्याचं कौतुक करावं की नाही, मला ठरवता आलं नाही.

राहिला प्रश्न वाजवणाऱ्याचा. आमच्या घरात कुणी गाणारं-वाजवणारं असल्याचं ऐकिवात नव्हतं. आत्याला विचारलं, तर तिला सतार, सारंगी, दिलरुबा सगळं सारखंच. मी म्हटलं, मांडीवर उभं धरून, खांद्याला टेकवून कुणी वाजवायचं का? ती थोडा वेळ गप्प राहिली.

‘धाकटे काका अंगणात बसायचे. रडल्यासारखा आवाज यायचा, म्हणून आजी ओरडायची. पण ते काठीने वाजवायचे गं.’

‘ती काठी कुठाय, आत्या?’

‘काठी? अगं, माजघराच्या खिडकीला टेकू लावलाय ना, तीच.’

संध्याकाळी पाचवा फोटो आला. खिडकीच्या फळीखाली तिरकी उभी केलेली लाकडाची काठी, घोड्याच्या केसांचा एकही धागा उरलेला नाही. खाली आतेभावाने लिहिलं होतं : ‘काढू का? काढली तर खिडकी पडेल.’