हाताला थंड लागला म्हणून जेड होत नाही

«सर, ही हिरवी बांगडी खऱ्या जेडची आहे की रंगवलेल्या दगडाची, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? हाताला थंड लागते, म्हणजे खरीच असेल ना?»

थंडपणाने काच आणि प्लास्टिक पकडता येते. मात्र आपल्याकडे जेडच्या नावाने खपणारी एक नेहमीची नक्कल म्हणजे हिरवा रंग पाजलेला क्वार्ट्झाइट, आणि ती त्या कसोटीत सहज उत्तीर्ण होते. महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या घरी लोक रुमालात गुंडाळलेले हिरवे खडे घेऊन येतात. त्यांतले बहुतेक जण आधी तो खडा गालाला लावून पाहिलेले असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दगड थंड लागतो तो बोटातली उष्णता ओढून घेतो म्हणून, आणि कोणता दगड किती वेगाने ओढतो हे त्याच्या उष्णतावाहकतेवर ठरते. काच ही उष्णतेची मंद वाहक आहे. ती क्षणभर थंड वाटते आणि लगेच कोमट होते. जेड तिच्यापेक्षा बराच चांगला वाहक आहे, त्यामुळे तो थंड लागतो आणि थोडा वेळ थंडच राहतो. पण क्वार्ट्झ, म्हणजे आपली शेतातली गारगोटी ज्या खनिजाची बनते ते, उष्णता वाहण्यात जेडच्या मागे नाही, उलट थोडे पुढेच आहे. मग त्याच क्वार्ट्झचे कण घट्ट जुळून बनलेला रंगीत दगड गालाला लावून काय कळणार? त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. मे महिन्यातल्या दुपारी खोलीचे तापमान चाळिशीला टेकलेले असते आणि हाताची त्वचा साधारण ३३ अंशांवर असते. अशा वेळी अस्सल जेडसुद्धा कोमटच लागणार. ही परीक्षा करायचीच असेल तर पहाटे करावी: एक काचेची गोटी, तितक्याच आकाराची एक गारगोटी आणि तुमचा खडा असे तिन्ही एका ताटलीत तासभर शेजारी ठेवावेत आणि मग एकेक करून वरच्या ओठाला लावून पाहावेत. खडा गोटीसारखा चटकन कोमट झाला तर शंका घ्यावी. गारगोटीसारखा वागला तर एवढेच समजावे की तो दगड आहे.

ओरखड्याची परीक्षाही याच कारणाने निरुपयोगी आहे. जेड काचेवर ओरखडा काढतो आणि चाकूच्या पात्याला दाद देत नाही हे खरे, पण क्वार्ट्झही नेमके तेच करतो. शिवाय दुसऱ्याच्या दागिन्यावर चाकू चालवणे मला पटत नाही. तापवलेली सुई लावणे किंवा आम्ल टाकणे तर मुळीच करू नये.

माझा भर दोन गोष्टींवर असतो, भिंगाखालची रंगाची ठेवण आणि पाण्यातले वजन. पण त्याआधी जेड हे एका दगडाचे नाव नाही, हे सांगायला हवे. जेडाइट आणि नेफ्राइट ही दोन वेगवेगळी खनिजे त्याच नावाने विकली जातात, आणि ती वेगळी आहेत हे १८६३ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी दाखवून दिले. गर्द, झळझळीत हिरवे जेडाइट मुख्यतः म्यानमारच्या काचीन राज्यातून येते. मऊ पालकी हिरव्या छटेचे नेफ्राइट खोतान, सायबेरिया, कॅनडा अशा अनेक ठिकाणी सापडते. आपल्या मराठवाड्याच्या लाव्हा खडकात यांतले काहीही होत नाही. इथे गारगोट्या, अकीक आणि झिओलाइटसारखी खनिजे मिळतात. त्यामुळे वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर कोणी ‹इथल्याच डोंगरातला जेड› म्हणून काही दाखवले, तर पुढचे तपासण्याचे कष्ट वाचले असे समजावे.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंनी वेरूळहून येताना वाटेतल्या एका दुकानातून घेतलेली बांगडी माझ्याकडे आणली, आणि योगायोगाने त्याच आठवड्यात शहागंजमधल्या एका स्नेह्याने आपल्या आजीच्या गळ्यातला यशबचा ताईत दाखवला. यशब हे नेफ्राइटचे जुने फारसी-उर्दू नाव. अक्षरे कोरलेला असा चपटा ताईत छातीवर रुळेल असा बांधत, धडधड शमावी म्हणून, आणि त्याला हौलदिली म्हणत. बांगडी झगझगीत पोपटी होती, ताईत मळकट, फिकट हिरवा. घरातल्या कोणालाही विचारले असते तर त्याने बांगडीलाच जेड म्हटले असते.

दोन्ही वस्तूंच्या मागे मोबाइलची बॅटरी धरून मी दहापट भिंगातून पाहिले. बांगडीत एकेक कण साखरेच्या दाण्यासारखा दिसत होता, आणि ते कण जवळपास रंगहीन होते. हिरवा रंग होता तो त्यांच्या मधल्या फटींत, जाळीसारखा पसरलेला, आणि जिथे बारीक चीर होती तिथे तो गडद साचला होता. रंग पाजलेल्या दगडाची ही खूण आहे, कारण रंगाचे पाणी कणाच्या आत शिरू शकत नाही, ते फटींतून झिरपते. खऱ्या जेडमध्ये रंग खनिजाच्या स्वतःच्या घडणीत असतो, जेडाइटमध्ये क्रोमियममुळे आणि नेफ्राइटमध्ये मुख्यतः लोहामुळे, म्हणून हिरवे ठिपके आणि ढग कणांमधूनच जातात आणि कडेला विरत जातात. ताईतात कण वेगळे दिसतच नव्हते. नेफ्राइट बारीक तंतू लोकरीच्या नमद्यासारखे गुंतून बनलेले असते, म्हणूनच ते पटकन फुटत नाही आणि त्याच्या झिलईला काचेची नव्हे, तर तुपाचा हात फिरवल्यासारखी चमक असते. माळेतले मणी असतील तर भोकाच्या आतल्या कडा अवश्य पाहाव्यात, रंग तिथे सर्वांत जास्त साचतो. भिंगात गोल बुडबुडे दिसले तर ती काच. चमचमणाऱ्या हिरव्या चकत्या दिसल्या तर तो ॲव्हेंच्युरिन, ज्याला व्यापारी ‹इंडियन जेड› म्हणतात. तो रंगवलेला नसला तरी जेड नव्हे, क्वार्ट्झच आहे.

बांगडीचा निकाल खरे तर इथेच लागला होता, पण काकूंना भिंगातले पटेना. त्यांना आकडा हवा होता. पाण्यातले वजन काढायला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. बांगडीसाठी डब्याचे आणि पाण्याचे वजन पेलेल असा, म्हणजे ५०० ग्रॅम क्षमतेचा घ्यावा. आधी वस्तू कोरडी तोलावी. मग प्लास्टिकच्या डब्यात उकळून गार केलेले पाणी घेऊन तो काट्यावर ठेवावा आणि काटा शून्यावर आणावा. आता वस्तू बारीक नायलॉन दोऱ्याने वरून टांगून पाण्यात पूर्ण बुडवावी, मात्र ती तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नये. दोरा हातात न धरता डब्याशेजारच्या पुस्तकांच्या चळतीवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला बांधला तर काटा स्थिर राहतो. काटा त्या क्षणी जे दाखवतो ते वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच घन सेंटिमीटरमध्ये वस्तूचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते.

काकूंची बांगडी कोरडी ५२.६० ग्रॅम भरली आणि पाण्यात काट्याने १९.८५ दाखवले, भागाकार २.६५, जो शुद्ध क्वार्ट्झचा आकडा आहे. ताईत १४.१६ ग्रॅम होता, पाण्यातला आकडा ४.७८, भागाकार २.९६, नेफ्राइटची घनता साधारण २.९५ असते. जेडाइटची त्याहूनही जास्त, ३.३४ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आकाराची बांगडी नेफ्राइटची असती तर सुमारे ५८ ते ५९ ग्रॅम आणि जेडाइटची असती तर ६६ ग्रॅम भरली असती. ‹खरा जेड हाताला जड लागतो› हे म्हणणे याच अर्थाने खरे आहे, पण त्यासाठी शेजारी तुलनेला तेवढ्याच आकाराची दुसरी वस्तू हवी. नुसत्या तळहाताला सहा ग्रॅमचा फरक कळत नाही.

या परीक्षेत चूक होते ती बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे. वस्तूला चिकटलेली हवा आकारमान फुगवते आणि घनता कमी येते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून वस्तू हलकेच हलवली की बुडबुडे सुटतात. दोऱ्यात ओवलेली माळ तोलू नये, कारण भोकांत हवा अडकते. चांदीच्या कोंदणातला खडाही तोलू नये. खडा दोन ग्रॅमपेक्षा लहान असेल तर काट्याची किंचितशी चूकही उत्तर फिरवते, म्हणून तो तीन-चार वेळा तोलावा आणि आकडे एकमेकांजवळ येत नसतील तर त्यावर विसंबू नये.

आकडा २.६५ च्या जवळ आला तर जेड नाही हे पक्के. २.५७ च्या आसपास आला तर बहुधा सर्पेंटाइन, ज्याला ‹न्यू जेड› म्हणून विकतात. पण ३.३४ आला म्हणजे सगळे मिटले, असे नाही. फिकट जेडाइटलाच हिरवा रंग पाजला तर घनता तीच राहते, आणि तो रंग भिंगाखालच्या जाळीनेच पकडावा लागतो. आम्लाने धुऊन आत राळ भरलेले जेडाइट तर भिंगालाही चकवू शकते. त्याची खात्री प्रयोगशाळेत अवरक्त किरणांच्या तपासणीनेच होते. किंमत हजारांच्या पुढे असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, आणि त्यात रंग व राळ या दोन्हींविषयी काय लिहिले आहे ते वाचावे.

अनेक जण नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून घासतात. कापूस हिरवा झाला तर रंग लावलेला आहे हे सिद्ध होते, पण कापूस पांढराच राहिला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण खोलवर मुरलेला रंग पुसून निघत नाही. शिवाय तो द्रव राळेला आणि मेणाच्या झिलईला बिघडवू शकतो, म्हणून करायचेच तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात करावे. काकूंनी घरी ते आधीच केले होते आणि कापूस पांढरा राहिला होता. त्यांचा जेडवरचा सगळा विश्वास त्या कापसाच्या बोळ्यावर उभा होता. बांगडी त्या अजूनही घालतात. ताईताच्या मालकाला मात्र मी घनतेचा आकडा कागदावर लिहून दिला, तो त्याने ताईताच्याच पेटीत ठेवला आहे.