एकाच भरीतावर महिनाभराचे कॅरोसेल

"दादा, तुम्ही एकच विषय घेऊन इन्स्टाचे महिनाभराचे कॅरोसेल, म्हणजे स्वाइप करत बघायच्या अनेक स्लाइडच्या पोस्ट, आधीच करून ठेवता, ते नेमकं कसं? आणि तेच तेच होत नाही का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तेच तेच होतं, जर विषयाचे तुकडे विषय बघून पाडले तर. म्हणजे भरीत हा विषय घेतला की लोक लगेच लिहितात, भरीताचा इतिहास, भरीताचे फायदे, भरीताची रेसिपी, भरीताचे प्रकार, आणि पाचव्या पोस्टला गाडी अडते. मी तुकडे पाडतो ते गिऱ्हाईकाच्या प्रश्नांवरून. प्रश्न कुठे मिळतात? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. डोक्यातून काढायचे नाहीत.

एक खरं काम घेऊन सांगतो म्हणजे कळेल. जळगावात एक ताई आहेत, हिवाळ्यात भरीताच्या ऑर्डरी घेतात, घरगुती आणि शेतातल्या भरीत पार्टीच्याही. त्यांचं इन्स्टा मी सांभाळतो. त्यांना म्हटलं, मागच्या सीझनचे गिऱ्हाईकांचे मेसेज काढा आणि मला फक्त प्रश्न पाठवा, उत्तरं नकोत. त्यांनी पाठवले ते असे: वांगी कुठली वापरता, बामणोदची आहेत का. हिरवंच वांगं का, जांभळं चालत नाही का. ५० माणसांना किती लागेल. तिखट किती असतं, लहान पोरं खातील का. सोबत कळण्याची पुरी मिळेल का. लसूण न घालता कराल का. सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत राहतं का. पुण्याला नेता येईल का. गॅसवर भाजता की काड्यांवर. आगाऊ किती दिवस सांगावं लागतं. असे बरेच. त्यातले एकसारखे एकत्र केले, आणि एका ओळीत उत्तर देता येणार नाही ते बाजूला काढले. ही माझी चाळणी आहे, प्रश्नाचं सरळ उत्तर एका ओळीत बसत नसेल तर त्याचं कॅरोसेल चांगलं होत नाही, त्याचा व्हिडिओ करा नाहीतर सोडून द्या. उरले १२. आठवड्याला ३ धरले तर महिना भरला. तुमच्याकडे ७ च उरले तर आठवड्याला २ टाका, ताणून १२ करू नका, ताणलेलं लगेच कळतं.

आता कॅलेंडर. त्यासाठी कुठलं अ‍ॅप लागत नाही, साधी गुगल शीट पुरते. एका ओळीत एक पोस्ट, आणि रकाने इतकेच: तारीख, प्रश्न, कोणासाठी, पहिली स्लाइड, दुसरी स्लाइड, लागणारे फोटो, स्थिती. 'कोणासाठी' हा रकाना बहुतेक जण टाळतात आणि खरी गंमत त्यातच आहे. मी तिथे तीनच शब्द लिहितो: नवीन, विचारात, ऑर्डर. पुण्या-मुंबईचा माणूस ज्याला हिरवं वांगं म्हणजे काय तेच माहीत नाही तो नवीन. तिखट किती, लसूण चालेल का, असं विचारणारा विचारात. माणसं मोजून किलो विचारतो तो ऑर्डरचा. आठवड्याच्या ३ पोस्टमध्ये तिघांनाही एकेक मिळाली की फीड एकसुरी होत नाही, विषय एकच असला तरी.

तारखा टाकताना आधी महिन्यातला पक्का दिवस शोधायचा. भरीतासाठी तो चंपाषष्ठी. बऱ्याच घरी चातुर्मासात वांगं बंद असतं आणि खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग खायला सुरुवात होते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे कधी नोव्हेंबरच्या शेवटी येते कधी डिसेंबरच्या मध्यावर, दरवर्षी पंचांग बघूनच टाकायची, मागच्या वर्षीची शीट कॉपी करायची नाही. तर 'आगाऊ किती दिवस सांगावं लागतं' ही पोस्ट चंपाषष्ठीच्या आदल्या आठवड्यात, त्याच दिवशी टाकून काही उपयोग नाही, तोवर ताईंचा हात रिकामा नसतो. आणि शेतातल्या पार्ट्या शनिवार-रविवारी होतात, त्यामुळे किलोवाली पोस्ट मंगळवारी किंवा बुधवारी, लोक तेव्हा ग्रुपवर ठरवत असतात.

मग बॅचिंग. लोकांना वाटतं एका दिवशी बसून १२ पोस्ट एकामागोमाग पूर्ण करायच्या. तसं केलं की तिसऱ्या पोस्टला डोकं बधिर होतं. पोस्टनुसार नाही, कामानुसार बॅच करायची. आधी बाराही पोस्टचं लिखाण शीटमध्येच, डिझाइन उघडायचंसुद्धा नाही. ते ताईंना वाचायला द्यायचं. मग फोटो. मग डिझाइन. शेवटी शेड्युल.

लिखाणात एक गोष्ट पाळा. उत्तर दुसऱ्या स्लाइडवर द्या. शेवटपर्यंत स्वाइप करायला लावायचं म्हणून उत्तर लपवणारे खूप आहेत, पण पहिल्या वेळी जो स्वाइप न करता पुढे गेला त्याला इन्स्टा तीच पोस्ट पुन्हा दाखवताना बरेचदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइड ही दुसरी पहिली स्लाइड आहे, ती एकटी वाचली तरी कळली पाहिजे. किलोवाली पोस्ट आम्ही अशी केली होती. पहिली: "५० माणसांची भरीत पार्टी. वांगी किती घ्यायची?" दुसरी: "५० माणसांना साडेबारा किलो. माणशी पाव किलो कच्चं वांगं." हा ताईंचा हिशोब आहे. तिसरीत कारण, भाजल्यावर साल जातं, देठ जातो, पाणी आटतं, म्हणून कच्च्या वजनाचं भरीत बरंच कमी भरतं. चौथीत पुऱ्या की भाकरी, त्यावर हिशोब कसा बदलतो. पाचवीत मिरची, पोरं आणि म्हातारी माणसं असतील तर कमी तिखटाचं वेगळं पातेलं. सहावीत आमच्याकडे सांगायचं असेल तर कधी आणि कसं. सहा स्लाइड, संपलं. २० पर्यंत टाकता येतात म्हणून २० टाकायच्या नसतात.

फोटोची बॅच हा सगळ्यात नाजूक भाग आहे, कारण वांगं एकदा विस्तवावर गेलं की परत कच्चं होत नाही. शीटमधला 'लागणारे फोटो' रकाना आदल्या रात्री वेगळा काढायचा आणि तो पोस्टच्या क्रमाने नाही, स्वयंपाकाच्या क्रमाने लावायचा. आधी टोपलीतली कच्ची वांगी, हिरवी, पांढऱ्या रेघांची, मग हातात धरलेलं एक, मग कापलेलं, आत बिया कमी दिसतात ते. मग कपाशीच्या काड्यांवर, धूर असताना एक आणि धूर बसल्यावर एक. मग साल काढताना, ठेचताना, मिरची-लसूण, कांद्याची पात, फोडणी, शेवटी ताट. एका भाजण्यात बाराही पोस्टचे फोटो निघतात. प्रत्येक फोटो उभा घ्या, आणि वर तिसरा हिस्सा मोकळा सोडा, अक्षरं तिथे बसणार. ताट मात्र दोन-तीन प्रकारची ठेवा, एक केळीच्या पानावर, एक स्टीलच्या ताटात, खालचं कापड बदला. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बघणाऱ्याला वाटतं ही पोस्ट तर आपण पाहिलीय, आणि तो थांबतच नाही.

डिझाइनला कॅन्व्हात एकच साचा करायचा, १०८० बाय १३५०. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये आता चौकोन नाही, उभे ठोकळे दिसतात, ३ बाय ४ चे, त्यात या साइजच्या दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून पहिल्या स्लाइडची अक्षरं कडेला चिकटवू नका. आणि मराठीचा त्रास वेगळा. इंग्रजी साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, तिथे मराठी टाकली की शिरोरेघ तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करायचं. उलट ओळींमधलं अंतर वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांटीवर चढतो. वर 'पुरी' आणि बरोबर खाली 'किती' असं दोन ओळीत टाकून बघा, लगेच दिसेल. मी मुक्त किंवा बालू वापरतो, दोन्हीत जोडाक्षरं नीट येतात. तरी एक्सपोर्ट केलेली फाइल फोनवर उघडून, हात लांब धरून वाचा. लॅपटॉपवर सगळंच छान दिसतं.

भाव कधीही स्लाइडवर लिहू नका. वांग्याचा भाव आठवड्यात बदलतो, आणि पोस्ट टाकल्यावर कॅप्शन बदलता येतं, फोटोवरची अक्षरं बदलता येत नाहीत. भाव, फोन नंबर, 'या रविवारी ऑर्डर बंद', हे सगळं कॅप्शनमध्ये. त्यातही पहिल्या ओळीत, कारण पुढचं 'more' च्या मागे जातं. आमची पहिली ओळ असायची, "भरीत खायले या, पण गुरुवारच्या आत सांगा."

शेड्युल इन्स्टाच्या अ‍ॅपमधूनच होतं, प्रोफेशनल अकाउंट असलं की झालं, ७५ दिवस पुढचं लावता येतं. पण मी फक्त पहिले दोन आठवडे लावतो. पुढचे तयार असतात, लावलेले नसतात. अवकाळी पाऊस आला, काड्या ओल्या झाल्या, वांगी आली नाहीत, आणि फीडवर मात्र 'आजच ऑर्डर करा' झळकतंय, असं व्हायला नको. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे बघून पुढचा क्रम बदलायचा असतो.

आकडे बघताना लाइक सोडून द्या. 'नवीन' वाल्या पोस्टला लाइक येतात, हिरव्या वांग्याचा फोटो सगळ्यांनाच आवडतो. 'विचारात' वाल्याला सेव्ह बघायचे. 'ऑर्डर' वाल्याला शेअर, कारण किलोवाली पोस्ट एक जण पार्टीच्या ग्रुपवर टाकतो आणि बाकीचे तिथेच ठरवतात, पोस्टवर येऊन कोणी कमेंट करत नाही. तर किलोवालीला लाइक कमी म्हणून ती फेल समजू नका. शेअरही नसतील तर मात्र पहिली स्लाइड बदलून, तोच मजकूर वेगळ्या माणसंख्येचा करून चौथ्या आठवड्यात परत घ्या, '१० माणसांच्या घरच्या जेवणाला किती' असं. त्यासाठी दर आठवड्याला शीटमध्ये एक ओळ रिकामी ठेवायची.

आणि महिना चालू असताना ताईंना जे नवीन प्रश्न येतात ते त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर त्या स्वतः टाकतात, गिऱ्हाईकाच्याच शब्दात. मागच्या वेळी तिथे 'भरीत उरलं तर दुसऱ्या दिवशी काय करायचं' हा चार जणांकडून आला होता. बिबड्या-पापडांचा महिना लावायचा तेव्हाही असंच, उन्हाळ्याचं वाळवण सुरू व्हायच्या आधी मागच्या वर्षीचे मेसेज उघडून बसायचं.