मिनिटं नाही, वेळ सरकवून मागा

«ड्यूटी आणि ऑनलाइन टेस्ट एकाच वेळी आली, तर सरांकडे मुदत कशी मागायची?»

टेस्टला दोन घड्याळं असतात आणि आपलं अडतं ते नेमकं कुठल्या घड्याळाशी, हे आधी ओळखा. एक, टेस्ट कधी उघडते आणि कधी बंद होते. दुसरं, सुरू केल्यावर सोडवायला किती मिनिटं मिळतात. नोकरीवाल्याचं अडतं ते पहिल्याशी.

मला हे फटका बसल्यावर कळलं. मी बुटीबोरीला एमआयडीसीत कामाला आहे आणि सोबत डिप्लोमा करतो. आमची टेस्ट मूडल या ऑनलाइन अभ्यासाच्या प्लॅटफॉर्मवर होती, शनिवारी संध्याकाळी ६ ते ९, वेळ ४५ मिनिटं. त्या दिवशी ओव्हरटाइम लागला. वर्धा रोडवर कंपनीच्या बसमध्येच मोबाइलवर टेस्ट उघडली तेव्हा ८:३५ झाले होते. Start attempt दाबलं आणि वर टायमर दिसला २५ मिनिटांचा. बंद व्हायची वेळ ९ची, म्हणून उरलेली २० मिनिटं कापली गेली. मधे रेंज गेली, तरी घड्याळ काही थांबलं नाही. एकदा बटण दाबलं की ब्राउझर बंद केला तरी ते चालूच राहतं.

नंतर सरांना फोन केला. ते म्हणाले, «अरे, तू सुरू करून बसला, आता पेपर तुझ्या डोळ्याखालून गेला. आधी सांगितलं असतं तर तुझ्या एकट्यासाठी वेळ बदलून दिली असती.» ती सोय मूडलमध्ये खरंच आहे, User overrides नावाची. एकाच विद्यार्थ्याची उघडायची-बंद व्हायची वेळ बदलता येते, बाकी वर्गाला धक्का लागत नाही.

पुढच्या टेस्टला माझी सेकंड शिफ्ट होती, ३ ते ११. शिफ्टचा तक्ता सोमवारी लागला, त्याच रात्री मेल केला:

«सर, शनिवारी माझी ३ ते ११ ड्यूटी आहे, तक्त्याचा फोटो जोडला आहे. टेस्ट अजून सुरू केलेली नाही. ४५ मिनिटं तेवढीच राहू द्या. मला शनिवारी सकाळी १० ते १२ किंवा रविवारी सकाळी ८ ते १० चालेल, तुम्हाला सोयीचं ते सांगा.»

दोन वेळा मुद्दाम दिल्या, कारण सरांची अडचण पेपर फुटण्याची असते. आधी दिली तर प्रश्न माझ्याकडून बाहेर जाऊ शकतात. नंतर दिली तर शनिवारी ९ला टेस्ट बंद होताच वर्गाला उत्तरं दिसतात, ती माझ्यापर्यंत येऊ शकतात. सरांनी रविवार दिला आणि उत्तरं रविवारी दुपारपर्यंत झाकून ठेवली. पाच दिवस आधी सांगितल्यामुळेच त्यांना हे जमलं.

होकार आला तरी टेस्टच्या पानावर तुमच्या नावाने नवी वेळ दिसते का, ते आदल्या दिवशी लॉगिन करून बघा. जुनीच दिसली तर स्क्रीनशॉट काढून लगेच पाठवा, आणि तोपर्यंत Start attemptला हात लावू नका.