डब्यात बलक कधीचा?

कस्टर्डसाठी सहा बलक वापरले की सहा अंड्यांचं पांढरं उरतं. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही, कारण दार सारखं उघडतं आणि तिथलं तापमान वरखाली होतं. चार दिवस चालतं. इथवर मला काहीच त्रास झाला नाही. त्रास दिला तो लेबलांनी, आणि त्यांचा राग अजून गेलेला नाही.

अप्पा बळवंत चौकातून आणलेली छोटी लेबलं फ्रिजमधल्या डब्यावर बसतच नाहीत. थंड डबा बाहेर काढला की पावसाळी हवेत त्याला पाणी सुटतं, गोंद सुटतो आणि लेबल भाजीच्या ट्रेमध्ये सापडतं. स्केचपेनची शाई तर ओल्या बोटानेही जाते. मग सासूबाई विचारणार, "अगं, हे पाणी टाकून देऊ का?" त्या अंडं खात नाहीत, त्यांना काय कळणार? आणि डब्यातलं किती दिवसांचं आहे, हे मलाही नुसतं बघून सांगता यायचं नाही. वास आला तर टाकायचंच, पण वास नाही म्हणजे चांगलं आहे असं नव्हे; साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूला वास नसतो.

आता मी डबा रिकामा, कोरडा असतानाच मास्किंग टेप लावते आणि बॉलपेनने लिहिते. टेप झाकणावर नाही, डब्याच्या अंगावर. झाकणं घासताना अदलाबदल होतात. लिहायचं असं: "पांढरं, ६, फोडली १२ जुलै, १६ पर्यंत". तारीख अंडी फोडल्याची, डबा भरल्याची नव्हे. जुन्या पांढऱ्यात नवं ओतलं तर तारीख जुनीच धरायची. खरं तर ओतूच नये, दुसरी वाटी घ्यावी. आकडाही हवाच, कारण एकत्र झालेलं पांढरं मोजता येत नाही. लिहायचं राहिलंच तर वजन करा, एका अंड्याचं साधारण ३० ग्रॅम धरा.

बलक जास्त नाजूक. उघडा राहिला की वर कडक साय धरते, म्हणून अख्खे बलक बुडतील एवढं गार पाणी घालायचं आणि वापरताना ते ओतून टाकायचं. मी दोन दिवसांपुढे ठेवत नाही. तेवढ्यात वापर नसेल तर फ्रीझर, पण नुसता बलक गोठवला की नंतर चिकट गोळा होतो, पातळ होत नाही. चार बलकांना दीड छोटा चमचा साखर किंवा चिमूटभर मीठ घालून फेटायचं, आणि काय घातलं ते टेपवर लिहायचं. दोन्ही दिसायला सारखेच. मिठाचा बलक कस्टर्डमध्ये गेला तर दोष कोणाला देणार?

पांढऱ्याला काही घालावं लागत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये एका खणात एक, गोठल्यावर पिशवीत. फेसायचं असेल तर मात्र त्यात बलकाचा थेंबही नको, म्हणून अंडं आधी छोट्या वाटीत फोडते.