आमची वाटचाल: बारा सेंटिमीटरची खिडकी

सासऱ्यांचा तासगावात फोटो स्टुडिओ होता. पुढे लग्नांच्या कॅसेट, मग डीव्हीडी. मी लग्न करून आले तेव्हा मिक्सिंगला, म्हणजे शूट केलेले तुकडे जोडायला, बाहेरचा एक पोरगा यायचा. तो सोडून गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले ती आजतागायत. कॅमेरा दीर सांभाळतात. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, डीव्हीडी मागणारं गिऱ्हाईक हळूहळू संपलं, आणि त्याच सुमारास आम्हाला वेगळं काम मिळू लागलं: ठिबकची दुकानं, रोपवाटिका, पंपवाले. त्यांना शेतकऱ्याला समजावून सांगणारे पाच-सात मिनिटांचे व्हिडिओ हवे असायचे. द्राक्षांचा पट्टा असल्यामुळे असं काम भरपूर.

आमचा धंदा खऱ्या अर्थाने बदलला तो एका टिंबामुळे.

ठिबकच्या एका डीलरसाठी आम्ही फिल्टर कधी धुवायचा यावर व्हिडिओ केला होता. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन प्रेशर गेज असतात. फिल्टर स्वच्छ असेल तर दोन्हींच्या दाबात थोडाच फरक दिसतो. जाळी तुंबत गेली की पुढचा दाब पडतो आणि फरक वाढतो. हा फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायचा. आम्ही स्क्रीनवर लिहिलं होतं: "फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या प्रेशर गेजमधील दाबाचा फरक ०.५ किलो/चौ. सें.मी. पेक्षा जास्त झाल्यास फिल्टर स्वच्छ करावा." दोन ओळी, पांढरी अक्षरं, खाली काळी पट्टी. माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास.

दोन महिन्यांनी डीलरचा फोन आला. "ताई, एका आण्णांच्या बागेत शेवटच्या ओळींना पाणीच पोचत नाही. फिल्टर गच्च भरलाय. ते म्हणतात, व्हिडिओत पाचच्या वर गेल्यावर धुवा असं सांगितलंय." मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांनी आण्णांचा फोनच आणून दाखवला. उभा धरलेला फोन, त्यात आडवा व्हिडिओ, तोही मेसेजवरून चार हात फिरून बारीक झालेला. ०.५ मधलं टिंब नव्हतंच. स्वच्छ ०५ दिसत होतं. त्यांच्या पंपाचा सगळा दाबच अडीच किलोच्या आसपास, तिथे पाचाचा फरक येणार कुठून? म्हणजे आमच्या व्हिडिओप्रमाणे चालायचं तर फिल्टर जन्मात धुवावा लागला नसता. निवेदनात "शून्य पूर्णांक पाच" असं मीच म्हटलं होतं, पण इंजिनाच्या आवाजात आण्णांनी ते ऐकलंच नसणार.

त्या रात्री दीर आणि मी मोजपट्टी घेऊन बसलो. फोन साडेसहा इंची. उभा धरला की स्क्रीनची रुंदी ६८ मिलिमीटर, म्हणजे आडव्या व्हिडिओची उंची जेमतेम ३८ मिलिमीटर. माझ्या टाइमलाइनवर चित्र १०८० पिक्सेल उंच असतं. अक्षरं वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत मोजली तर ४२ पिक्सेल. हिशेब केला तर त्या फोनवर ती दीड मिलिमीटर भरत होती, आणि त्यातही शिरोरेषेखालचं मूळ अक्षर जवळपास निम्मंच. आपल्या लिपीची ही गंमत आहे: मात्रा-वेलांट्या वर, उकार खाली, त्यामुळे मधल्या अक्षराच्या वाट्याला जागा थोडी. घ आणि ध, भ आणि म आधी एकमेकांत मिसळतात, आणि टिंब तर सगळ्यांच्या आधी जातं.

पण "फोन लहान म्हणून अक्षरं मोठी करा" एवढंच धरून चाललो असतो तर अर्धीच गोष्ट कळली असती. खरा धक्का टीव्हीने दिला. डीलरच्या दुकानात ४३ इंची टीव्ही होता. आम्हाला वाटायचं, तिथे काय, भिंतभर दिसतंय. पण माणसं बसतात दहा फुटांवर. फोन असतो डोळ्यांपासून फूट-सव्वा फुटावर, लॅपटॉप दोन फुटांवर. अंतर धरून हिशेब केला की डोळ्याला काय दिसतं ते निराळंच निघतं. मी लॅपटॉपसमोर नेहमीच्या जागी बसले असताना पूर्ण स्क्रीनचा व्हिडिओ ३४ सेंटिमीटर रुंद असतो. तिथूनच मला टीव्ही जेवढा दिसेल तेवढी खिडकी करायची तर ती १९ सेंटिमीटरची. आडव्या फोनची २२. उभ्या फोनची १२. म्हणजे आडवा धरलेला फोन हा दुकानातल्या टीव्हीपेक्षा किंचित मोठाच दिसतो! आणि सगळ्यांत मोठं, सगळ्यांत ऐसपैस चित्र पाहणारी व्यक्ती म्हणजे मिक्सिंगला बसलेली मी. आमचा एकही प्रेक्षक तसं बघत नव्हता.

दिरांनी लॅपटॉपच्या कडेला इन्सुलेशन टेपचे दोन तुकडे चिकटवले, एक १२ वर, एक १९ वर. व्हिडिओची खिडकी तेवढी आकसून बघायची. घर बदललं, टीव्ही बदलला की आकडे बदलतात, पण आमच्या गिऱ्हाइकांना हे दोन पुरतात. या खिडकीत मेसेजवरची झीज मात्र कळत नाही. त्यासाठी फाइल दोनदा पाठवून जुन्या फोनवर उघडावीच लागते.

मग तोच व्हिडिओ पुन्हा बांधायला घेतला. अक्षरं ८० पिक्सेल केली. उभ्या फोनवर ती पावणेतीन मिलिमीटरच्या घरात जातात. बारीक रेघेचा फॉन्ट काढून मुक्ताचं जाड वजन घेतलं, कारण फाइल आकसली की पहिल्यांदा बारीक रेघाच मरतात. अर्थात ८० च्या अक्षरात ते दोन ओळींचं वाक्य मावेना, आणि ते बरंच झालं. शेवटी स्क्रीनवर राहिलं ते एवढंच: "फरक अर्ध्या किलोवर गेला? फिल्टर धुवा." टिंबाचा प्रश्नच मिटला. मापाच्या आकड्यात टिंब येत असेल तर आता मी आधी अर्धा, पाव, दीड, अडीच यातलं काही बसतं का ते बघते. नाहीच बसलं तर आकडा एकटाच, स्क्रीनच्या मधोमध, दीडपट मोठा. लॅपटॉपवर हे सगळं बॅनरसारखं बटबटीत दिसतं, आणि माझा हात अजूनही साइज कमी करायला शिवशिवतो.

फ्रेमचा घोळ याहून मोठा होता. दिरांनी सँड फिल्टर, डिस्क फिल्टर आणि दोन्ही गेज एकाच शॉटमध्ये घेतले होते, साधारण दोन मीटर रुंदीचं दृश्य. गेजची तबकडी सहा सेंटिमीटरची. फोनवर ती दोन मिलिमीटर भरली, मोहरीच्या दाण्याएवढी. त्यात काटा कुठून दिसणार? तरी निवेदनात मी सांगतेय, "काटा बघा." पुन्हा शेतावर गेलो. लांबचा शॉट ठेवला, पण फक्त गेज कुठे बसलेत ते कळण्यापुरता, तीन सेकंद. त्यानंतर प्रत्येक गेज फ्रेमभर. मग दोन्ही शेजारी शेजारी: इकडे दोन किलो, तिकडे एक पूर्णांक चारच्या आसपास. हा शॉट टेपच्या बाराच्या खुणेपर्यंत आकसला तरी काट्यांचा फरक दिसतो.

डीलरला उभा व्हिडिओही हवा होता, आणि मी नेहमीसारखा आडव्याचाच मधला भाग कापून देणार होते. जमलं नाही. फिल्टरची मांडणी आडवी असते, उभ्या चौकटीत मधला डिस्क फिल्टर राहतो आणि दोन्ही गेज बाहेर जातात. त्याऐवजी एक गेज वर आणि एक खाली असं लावलं. आधीचं वर, नंतरचं खाली. आडव्यापेक्षा हेच लवकर कळतं, हे मान्य करायला मला जड गेलं. उभ्यात आणखी एक पथ्य: खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडायची, कारण तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो.

वेगाचं कोडं आमच्या सासूबाईंनी सोडवलं. स्क्रीनवरचं वाक्य मीच लिहिलेलं असल्यामुळे मला ते वाचावंच लागत नाही, नजर टाकली की झालं. म्हणून जुन्या व्हिडिओत ते दोन ओळींचं वाक्य मी तीन सेकंद ठेवलं होतं. सासूबाईंना १९ च्या खुणेएवढी खिडकी दाखवून मोठ्याने वाचायला सांगितलं. सात सेकंद लागले, आणि वर "कशाला एवढं लांबण लावलंय?" हेही ऐकावं लागलं. फोनवर माणूस बोटाने थांबवून मागे जातो, पण दुकानातल्या किंवा सोसायटीच्या मीटिंगमधल्या टीव्हीवर कोण थांबवणार? उलट एक जण शेजारच्याला वाचून दाखवत असतो. म्हणून आता आमचं माप ठरलंय: सासूबाईंचा मोठ्याने वाचायचा वेळ, अधिक एक सेकंद. दुसरं म्हणजे चित्र आणि मजकूर एकदम बदलायचा नाही. आधी गेज येऊ द्यायचं, नजर काट्यावर जाऊ द्यायची, मग सेकंदाने अक्षरं. दोन्ही एकदम आले की बघणाऱ्याचं एक काहीतरी हुकतं. सहा मिनिटांचा व्हिडिओ यामुळे साडेसातवर गेला. डीलर कुरकुरले, पण घेतला.

टीव्हीवर आणखी दोन गोष्टी सापडल्या. बागेवरून कॅमेरा फिरवलेला शॉट थरथरत होता. मिक्सिंग करताना लॅपटॉप अडखळतोच, म्हणून मी तो दोष लॅपटॉपच्या माथी मारला होता. टीव्हीवर पक्की फाइल लावली तरी थरथर तशीच, मग कळलं की दोष शॉटमध्येच आहे. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एखाद्या वस्तूने पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सातेक सेकंद तरी घेतले पाहिजेत. दिरांनी तीनमध्ये उरकलं होतं.

दुसरी गोष्ट कडांची. डीलरचा फोन नंबर मी अगदी तळाला लावला होता, आणि टीव्हीने त्याचा खालचा अर्धा भाग कापला. काही टीव्ही चित्र किंचित फुगवून दाखवतात आणि कडा बाहेर जातात. सेटिंगमध्ये हे बंद करता येतं, पण दुकानोदुकानी जाऊन कोण करणार? सासरे मागे बसून हसत होते. जुन्या डबा टीव्हीच्या काळात ते त्या पोराला रोज बजावायचे, "कडेला काही ठेवू नकोस, खाऊन टाकतो." सपाट टीव्ही आले तेव्हा आम्हीच त्यांना म्हटलं होतं, बाबा, ते दिवस गेले. आता डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल, म्हणजे प्रत्येक कडेला पाच टक्के, मी मजकुरासाठी वापरतच नाही.

गेल्या आठवड्यात एक रोपवाटिकावाले आले. त्यांना शेवटच्या पाटीवर चार शाखांचे पत्ते आणि सात फोन नंबर हवे होते, सगळे एकत्र, चार सेकंद. मी वाद घातला नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाटी केली, खिडकी बाराच्या टेपपर्यंत आकसली आणि म्हटलं, दादा, चालू करते, मोठ्याने वाचा. पहिल्या पत्त्यातल्या पिनकोडपर्यंत पोचले. मग स्वतःच म्हणाले, "एकच नंबर ठेवा. मोठा."